कागदावरचे दोनशे बेअरिंग: एका मेलेल्या पीओने दोन बॅच कशा अडवल्या

पार्श्वभूमी

छोटे पंप जुळवणाऱ्या एका कारखान्यातलं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून पार्टची नावं ढोबळ ठेवली आहेत आणि आकडे गोल केले आहेत. प्लॅनिंग एमआरपीवर, म्हणजे कोणता माल किती आणि कधी लागेल हे काढणाऱ्या सिस्टमवर चालतं. दर शनिवारी रात्री रन होतो आणि सोमवारी सकाळी प्लॅनर व परचेस यांच्यासमोर नवी यादी असते.

एका पंपाला एक रोटर असेंब्ली लागते आणि एका रोटर असेंब्लीत दोन बेअरिंग बसतात. रोटर कारखान्यातच बनतो, त्याचा लीड टाइम एक आठवडा. बेअरिंग बाहेरून येतं, त्याचा लीड टाइम तीन आठवडे. बेअरिंगची ऑर्डर २०० च्या पटीतच द्यावी लागते. सेफ्टी स्टॉक ४० ठेवलेला आहे. रोटरखेरीज, आधी विकलेल्या पंपांच्या दुरुस्तीसाठी स्पेअर म्हणून दर आठवड्याला २० बेअरिंग सुटी जातात. ही मागणी पंपाच्या वेळापत्रकातून निघत नाही. ती वेगळी भरलेली असते आणि ग्रॉसमध्ये, म्हणजे एकूण गरजेत मिळवली जाते.

पंपाची जुळणी एकाआड एक आठवडा होते: आठवडा २ मध्ये ८०, आठवडा ४ मध्ये १००, आठवडा ६ मध्ये ९० आणि आठवडा ८ मध्ये १००. मधल्या आठवड्यांत त्याच लाइनवर दुसरं मॉडेल चालतं, पण त्याने लाइन पूर्ण भरत नाही. ही मोकळी जागा पुढे कामाला आली.

घटना

आठवडा ३ च्या सोमवारी १०० रोटरची वर्क ऑर्डर स्टोअरला गेली. त्यासाठी २०० बेअरिंग हवे होते. रॅकवर होते १२०, आणि त्यातले २० त्या आठवड्याच्या स्पेअरचे. म्हणजे रोटरसाठी १००, अर्ध्याच कामापुरते.

प्लॅनरच्या स्क्रीनवर त्याच आठवड्याच्या अखेरीला १०० बेअरिंग शिल्लक दिसत होते. सगळा वापर वजा करून उरलेले. कागद म्हणतो १०० उरतील, रॅक म्हणतो १०० कमी पडतील. फरक बरोबर २०० चा, म्हणजे नेमका एक लॉट.

असा फरक दिसला की पहिला संशय स्टोअरवर जातो, तसा इथेही गेला. पुन्हा मोजणी झाली. स्टोअरकीपरचा आकडा आणि सिस्टममधला ‘हातातला’ स्टॉक एका नगानेही वेगळा नव्हता. मोजणीत अर्धा दिवस गेला. फरक लॉट साइजच्या अचूक पटीत आहे, हा धागा कोणी पकडला असता तर तो अर्धा दिवस वाचला असता. चोरी, रिजेक्शन किंवा मोजणीची चूक सहसा नेमकी २०० च्या पटीत होत नाही. ऑर्डर मात्र २०० च्याच पटीत असते.

नेटिंग नेमकं काय करत होतं

चूक समजण्यासाठी दोन आठवडे मागे, आठवडा १ च्या सोमवारी जाऊ. नेटिंगचा, म्हणजे गरजेतून हातातला आणि येणारा माल वजा करण्याचा हिशेब वरून खाली उतरतो, म्हणून आधी रोटर.

रोटरची ग्रॉस गरज पंपाच्या जुळणीइतकीच: आठवडा २ ला ८०. हातात ३० तयार रोटर होते आणि आधीच सोडलेल्या वर्क ऑर्डरमधून ५० आठवडा २ ला येणार होते. ८० मधून ३० आणि ५० गेले, नेट गरज शून्य. आठवडा ४ च्या १०० साठी मात्र काहीच नव्हतं, म्हणून नेट १००. रोटरला एक आठवडा लागतो, तेव्हा ही वर्क ऑर्डर आठवडा ३ ला सोडायची. त्याच रीतीने ९० ची आठवडा ५ ला आणि १०० ची आठवडा ७ ला.

आता बेअरिंग. बेअरिंगची गरज पंपाच्या तारखेला पडत नाही, रोटरची वर्क ऑर्डर ज्या आठवड्यात *सुटते* त्या आठवड्यात पडते. म्हणून आठवडा ३ ला १०० गुणिले दोन, अधिक २० स्पेअर, एकूण २२०. आठवडा ५ ला १८० अधिक २०, म्हणजे २००. आठवडा ७ ला पुन्हा २२०. बाकीच्या आठवड्यांत नुसते २०.

रॅकवर त्या सोमवारी २६० होते, पण ते सगळे मोकळे नव्हते. सुटलेल्या ५० रोटरच्या वर्क ऑर्डरसाठी १०० बेअरिंग राखून ठेवलेले होते आणि ते अजून फ्लोअरवर गेले नव्हते. ग्रॉसमध्ये ही १०० ची गरज पुन्हा दिसत नाही, कारण ती ऑर्डर आता ‘योजना’ राहिलेली नाही. म्हणून हिशेब सुरू होतो १६० पासून. सूत्र असं:

```
नेट गरज = ग्रॉस + सेफ्टी स्टॉक − (हातातला − राखीव) − येणारी आवक
```

पहिल्या आठवड्यानंतर ‘हातातला’च्या जागी मागच्या आठवड्याची शिल्लक येते. उत्तर शून्य किंवा उणे आलं, तर नवी ऑर्डर लागत नाही.

‘येणारी आवक’ म्हणजे आधीच दिलेले, पण माल न आलेले पीओ, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरी. बेअरिंगचा असा एक पीओ सिस्टममध्ये उघडा होता: २०० नग, ठरलेली तारीख सहा आठवडे मागे गेलेली.

सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. तारीख उलटून गेलेल्या आवकेचं एमआरपी काय करते? बहुतेक सिस्टम ती रद्द धरत नाहीत. ‘माल आला नाही, पण पीओ उघडा आहे, म्हणजे आज-उद्या येईल’ असं मानून ती पहिल्याच आठवड्यात जमा धरतात. त्यामागे एक तत्त्व आहे: नवी ऑर्डर सुचवण्याआधी हाती असलेली ऑर्डर वापरावी, आणि तिची तारीख चुकत असेल तर ती सरकवायला माणसाला सांगावं. तत्त्व योग्यच आहे, नाहीतर दोन दिवस उशीर झालेल्या प्रत्येक पीओमागे सिस्टम दुसरा पीओ काढत बसेल. पण ते एका गृहीतावर उभं आहे. तो माल खरोखर कुठेतरी अस्तित्वात आहे, हे ते गृहीत.

सिस्टमला दिसत होतं ते असं:

| | आ. १ | आ. २ | आ. ३ | आ. ४ | आ. ५ |
|---|---|---|---|---|---|
| ग्रॉस गरज | २० | २० | २२० | २० | २०० |
| उघड्या पीओची आवक | २०० | – | – | – | – |
| नव्या ऑर्डरची आवक | – | – | – | – | २०० |
| आठवडाअखेर शिल्लक | ३४० | ३२० | १०० | ८० | ८० |

आठवडा ५ ला शिल्लक उणे १२० होते. सेफ्टी स्टॉकचे ४० धरून नेट गरज १६०, लॉटप्रमाणे २००. तीन आठवडे मागे गेलं की ही ऑर्डर आठवडा २ ला द्यायची. परचेसने ती आठवडा २ च्या सोमवारी दिलीही. यादीबरहुकूम काम झालं, एक दिवसही उशीर नाही.

आता तो २०० चा पीओ काढून तीच आकडेमोड:

| | आ. १ | आ. २ | आ. ३ |
|---|---|---|---|
| ग्रॉस गरज | २० | २० | २२० |
| आवक | – | – | – |
| आठवडाअखेर शिल्लक | १४० | १२० | −१०० |

टंचाई आठवडा ५ ला नव्हे, आठवडा ३ लाच होती. तीन आठवडे मागे मोजा: ऑर्डर आठवडा १ च्या *आधीच्या* सोमवारी द्यायला हवी होती. सिस्टमने गरज हुडकली खरी, पण दोन आठवडे उशिराची.

तो पीओ मेला कसा

मूळ पीओ लांबला होता. परचेसने सप्लायरच्या मागे लागून तातडीने माल मागवला आणि वेगळ्या वाहतुकीचा खर्च दाखवता यावा म्हणून त्यासाठी नवा पीओ काढला, तोही २०० चा. सप्लायरच्या दृष्टीने गरज एकच होती. त्याने २०० नगांची एकच खेप पाठवली, चलनावर नवा नंबर घातला आणि आपल्या बाजूने दोन्ही विषय मिटवले. स्टोअरने चलनावरचा नंबर पाहून नव्या पीओवर माल जमा केला. प्रत्येकाने आपापलं काम बरोबर केलं. जुना पीओ बंद करणं मात्र कोणाच्याच कामात नव्हतं.

त्या क्षणापासून तेच २०० नग दोनदा मोजले जाऊ लागले, एकदा हातातल्या स्टॉकमध्ये आणि एकदा येणाऱ्या आवकेत. नुकतीच खेप आलेली असल्यामुळे साठा भरपूर होता, त्यामुळे पुढचे काही आठवडे कोणाला काही जाणवलं नाही. अशी नोंद साठा उताराला लागेपर्यंत गप्प बसते.

सिस्टम मात्र गप्प नव्हती. ‘आवकेची तारीख उलटली’ हा संदेश ती दर सोमवारी देत होती. आठवडा १ उजाडायच्या आधीच तो पाच वेळा येऊन गेला होता. पण त्या यादीत दर सोमवारी साधारण सहाशे संदेश असायचे, पार्ट नंबरच्या क्रमाने लावलेले. प्लॅनर त्यातले ‘नवी ऑर्डर सोडा’ एवढेच पाहायचा, कारण तेवढ्यावरच काही हालचाल करता यायची. बाकीच्या ‘अलीकडे ओढा’, ‘पुढे ढकला’, ‘तारीख उलटली’ या ओळी म्हणजे त्याच्या लेखी नेहमीची कुरकुर.

पहिला निर्णय: १०० बेअरिंग कोणाला

आठवडा ३ च्या सोमवारी दुपारी सप्लायरशी बोलणं झालं आणि जुन्या पीओचा माल कधीच येणार नाही हे कळलं. हातात १२० नग आणि तीन वाटा.

पहिली वाट, १०० ची वर्क ऑर्डर पूर्ण माल येईपर्यंत थांबवायची. दुसरी, ती दोन तुकड्यांत फोडून ५० आता आणि ५० नंतर करायची. तिसरी, स्पेअरचे २० अडवून आता ६० रोटर करायचे.

तिसरी वाट वरकरणी मोहात पाडणारी होती. पण स्पेअर ज्याला जातो त्याचा पंप आधीच बंद पडलेला असतो. त्याचे २० नग अडवून इकडे दहा पंप जास्त निघाले असते, आणि त्या दहांनी कोणत्याही ग्राहकाची ऑर्डर पूर्ण होत नव्हती. हे नुसतं वाटण्यावर नाही तर पेगिंग पाहून ठरलं. बेअरिंगच्या गरजेवरून वर रोटर, रोटरवरून पंप आणि पंपावरून ग्राहकाची ऑर्डर असं चढत गेल्यावर दिसलं की १०० च्या बॅचमधल्या पहिल्या ५० वर दोन पूर्ण ऑर्डर बसतात आणि उरलेले ५० तिसऱ्या एकाच ऑर्डरचे आहेत. म्हणून दुसरी वाट घेतली आणि स्पेअरला हात लावला नाही.

सप्लायरकडे आठवडा २ ला दिलेली २०० ची ऑर्डर होतीच. त्यातले १२० नग आठवडा ४ ला पाठवायला तो तयार झाला, उरलेले ८० ठरल्याप्रमाणे आठवडा ५ ला. म्हणजे आठवडा ४ ला १०० नग उरलेल्या ५० रोटरना आणि २० स्पेअरला. ५० पंप एक आठवडा उशिरा, लाइनच्या मोकळ्या जागेत, एवढ्यावर भागलं असं सगळ्यांना वाटलं.

दुसरा निर्णय: भोक पुढे सरकलंय

आठवडा ५ साठी मागवलेला माल आठवडा ३ आणि ४ ची भूक भागवायला वापरला, तर आठवडा ५ चं काय? टंचाईच्या गडबडीत हा प्रश्न फार वेळा सुटतो. एक्सपिडायटिंगने, म्हणजे मागे लागून घाईने मागवण्याने माल वाढत नाही, फक्त अलीकडे येतो. कमी पडलेला लॉट अजून कोणीच मागवलेला नव्हता.

इथे प्लॅनरने एक शहाणपणाची गोष्ट केली. मेलेला पीओ लगेच बंद करून त्याने शनिवारच्या रनची वाट न पाहता त्या एका पार्टचा रन घेतला. बेअरिंग खरेदीचं असल्यामुळे त्याच्याखाली आणखी स्तर नाही, त्यामुळे एका पार्टचा रन पुरेसा होता. हाच घोळ रोटरच्या नोंदीत असता, तर बेअरिंग, शाफ्ट आणि खालच्या सगळ्या पार्टांपर्यंत बदल पोचवावा लागला असता.

रनमध्ये दोन ओळी आल्या. आठवडा ५ ची आवक आठवडा ३ ला ओढा. आणि २०० ची नवी ऑर्डर आठवडा ५ साठी, जी द्यायची तारीख गेल्या सोमवारीच उलटली. म्हणजे आज दिली तरी ती आठवडा ६ ला येणार.

परचेसचं पहिलं म्हणणं होतं, शनिवारचा रन होऊ दे, पुढच्या सोमवारी देऊ. दिली असती, तर माल आठवडा ७ ला आला असता, आणि आठवडा ७ ला स्वतःचीच २२० ची गरज उभी होती. ऑर्डर त्याच दुपारी गेली. पुढचा प्रवास असा झाला:

आठवडा ५ ला ८० नग आले, २० स्पेअरला, ६० मध्ये ३० रोटर. नव्वदच्या बॅचमधले ६० रोटर अडले. आठवडा ६ ला नवे २०० आले, त्यातले १२० या ६० रोटरना, २० स्पेअरला, शिल्लक ६०. आठवडा ७ साठीची २०० ची ऑर्डर आठवडा ४ ला वेळेवर गेली होती. ती आल्यावर २६० झाले, २२० गेले, उरले ४०. सेफ्टी स्टॉक जागेवर आला.

हिशेब असा: एका मेलेल्या पीओमुळे पहिल्या बॅचचे ५० आणि दुसऱ्या बॅचचे ६० पंप प्रत्येकी एक आठवडा उशिरा गेले. लाइन सावरायला आठवडा ७ उजाडला.

कायमच्या उपायाचे पर्याय

बैठकीत सर्वांत आधी आलेली सूचना म्हणजे सेफ्टी स्टॉक ४० वरून २०० करा. हे मोडीत काढण्याआधी प्लॅनरने आकडे लावून पाहिले, आणि गंमत म्हणजे या खेपेला तो उपाय चालला असता. कागदावर आठवडा ३ ला शिल्लक १००, ती २०० च्या खाली, म्हणून ऑर्डर वेळेत सुटली असती. तरी तो नाकारला गेला. एक तर मेलेला पीओ कोणत्या पार्टवर बसलाय हे आधी माहीत नसतं, म्हणून साठा सगळ्यांचाच वाढवावा लागतो. दुसरं म्हणजे मेलेल्या पीओला आकाराची मर्यादा नाही, ४०० चा असता तर २०० चं कवच पुरलं नसतं. सेफ्टी स्टॉक मागणी आणि पुरवठ्यातल्या चढउतारासाठी असतो, खोट्या नोंदीसाठी नव्हे.

दुसरी सूचना, लीड टाइम तीनऐवजी पाच आठवडे भरा. ऐकायला बरोबर वाटतं: ऑर्डर दोन आठवडे आधी जाईल. पण लीड टाइम फक्त ऑर्डर *देण्याची* तारीख मागे नेतो, माल *लागण्याची* नाही. कागदावर गरज आठवडा ५ लाच होती, त्यामुळे पीओवर आठवडा ५ ची तारीख पडली असती आणि सप्लायरने माल त्याच तारखेला पाठवला असता. वर प्रत्येक वेळी दोन आठवड्यांचे जास्तीचे पीओ उघडे राहिले असते, म्हणजे नजर ठेवायच्या ओळी आणखी वाढल्या असत्या.

तिसरी सूचना सिस्टम सांभाळणाऱ्याची होती: तारीख उलटलेली आवक नेटिंगमधून वगळूनच टाका, तशी सेटिंग आहे. हा पर्याय सर्वांत गंभीरपणे तपासला गेला. तारीख उलटलेल्या सगळ्या ओळी काढल्या, त्या ७४ निघाल्या. एकेका सप्लायरशी ताळमेळ घातल्यावर त्यातल्या ४१ चा माल खरोखर येणार होता, फक्त उशिरा. २४ मध्ये किरकोळ बाकी होती, उदाहरणार्थ ५०० मागवले, ४८८ आले, १२ कायमचे उघडे. पूर्ण मेलेले फक्त ९. सेटिंग बदलली असती, तर ९ खोट्या ओळींसाठी ४१ खऱ्या ऑर्डरींचा माल दुसऱ्यांदा मागवला गेला असता. टंचाईच्या जागी महिन्याभरात गोदाम तुंबलं असतं.

मग उरलं ते कंटाळवाणं काम. प्रत्येक उघड्या पीओची तारीख खरी ठेवणं.

काय केलं

नियम एकच ठरला: शनिवारच्या रनला एकही उघडी ओळ मागच्या तारखेची राहणार नाही. शुक्रवारपर्यंत तिला सप्लायरने सांगितलेली नवी तारीख पडेल, किंवा ती बंद होईल. नवी तारीख पडली की नेटिंग आपोआप सुधारतं: आवक खऱ्या आठवड्यात जाते आणि मधली टंचाई उघड्यावर येते. तिथे ‘अलीकडे ओढा’ हा संदेश निघतो, आणि तो या वेळी अर्थपूर्ण असतो.

किरकोळ बाकीसाठी कमी मालाची सूट भरली. ऑर्डरच्या तीन टक्क्यांपर्यंत माल कमी आला, तर ओळ आपोआप बंद. महागड्या आणि मोजून लागणाऱ्या पार्टांना ही सूट दिली नाही, कारण तिथे ते १२ नगही हवेच असतात.

तातडीची खरेदी नव्या पीओवर करायची झाली, तर जुनी ओळ त्याच वेळी बंद करायची किंवा तिचा नग कमी करायचा, आणि ते करणार नवा पीओ काढणाराच. स्टोअरवर हे टाकायचं नाही असं मुद्दाम ठरवलं. स्टोअरला चलन दिसतं, त्यामागचं बोलणं दिसत नाही.

संदेशांची यादी पार्ट नंबरऐवजी पहिल्या टंचाईच्या तारखेप्रमाणे लावली, आणि पाच कामाच्या दिवसांपेक्षा कमी सरकवासरकव सांगणाऱ्या ओळी लपवल्या.

परिणाम

दोन महिन्यांनी तारीख उलटलेल्या ओळी कोणत्याही शुक्रवारी सहा-सातच्या वर जात नव्हत्या. सोमवारचे संदेश सहाशेवरून दीडशेच्या आसपास आले. यातली बरीचशी घट गाळणीमुळे नाही, तर मूळ तारखा खऱ्या झाल्यामुळे होती. वरच्या असेंब्लीच्या एका खोट्या तारखेतून खालच्या प्रत्येक पार्टवर एक संदेश उगवतो. मूळ तारीख सुधारली की ते सगळे एकदम जातात.

एक नवा रोग मात्र लगेच उपजला. नियम लागू झाल्यावर पाचव्या आठवड्यात प्लॅनरच्या लक्षात आलं की एका कास्टिंगच्या पीओची तारीख तीनदा बदलली आहे आणि दर वेळी बरोबर सात दिवसांनी. सप्लायरशी कोणी बोललंच नव्हतं. ओळ मागच्या तारखेची दिसू नये म्हणून परचेसमधून ती दर शुक्रवारी पुढे ढकलली जात होती. नेटिंगच्या दृष्टीने हे उलटलेल्या तारखेपेक्षाही वाईट. उलटलेली तारीख निदान संदेश तरी देते, खोटी नवी तारीख तोही बंद करते. त्यावर ‘तारीख किती वेळा बदलली’ हा रकाना यादीत आणला. दुसऱ्या बदलानंतर तारखेसोबत सप्लायरच्या माणसाचं नाव आणि बोलल्याचा दिवस लिहिणं सक्तीचं केलं. तिसऱ्या बदलाला ती ओळ प्लॅनिंग प्रमुखाकडे जाते.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत स्वस्तातली संधी आठवडा १ च्या आधीच्या सोमवारी होती. त्या दिवशी पीओ बंद झाला असता, तर ऑर्डर त्याच दिवशी सुटून माल आठवडा ३ ला आला असता आणि एकही पंप लांबला नसता. आठवडा १ ला कळलं असतं तरी सप्लायरकडून एकच आठवडा कमी करून घ्यावा लागला असता. प्रत्यक्षात कळलं तेव्हा लीड टाइमचे तीनही आठवडे हातातून गेले होते.

दुसरी चूक कारवाईतली. पहिल्या बॅचचे ५० पंप आठवडा ५ ला सरकवले तेव्हा पंपाच्या जुळणीचं मास्टर शेड्यूलही त्याच दिवशी बदललं. दुसऱ्या बॅचचे ६० पंप आठवडा ६ वरून ७ वर जाणार हेही आठवडा ३ च्या सोमवारीच आकड्यांवरून दिसत होतं, पण ‘बघू, सप्लायर कदाचित आधी देईल’ म्हणून शेड्यूल तसंच ठेवलं गेलं. बेअरिंगसाठी त्याने काही बिघडलं नाही. पण एमआरपी बाकीच्या पार्टांची नेट गरज आठवडा ६ धरूनच काढत राहिली. परिणामी ६० केसिंग आणि ६० मोटर एक आठवडा आधी येऊन लाइनच्या कडेला पडून राहिल्या, आणि त्याच मशिनिंग सेलमध्ये दुसऱ्या मॉडेलची खरोखर लागणारी केसिंग मागे पडली. एक पार्ट उशिरा येणार हे पक्कं झालं, की त्याच्या जोडीच्या पार्टांची तारीखही वरूनच, म्हणजे शेड्यूल बदलून सरकवावी लागते. खाली एकेका पार्टची तारीख हाताने बदलली, तर पुढचा रन ती जुन्या जागी परत ओढा म्हणूनच सांगतो.

तिसरी गोष्ट अजून सुटलेली नाही. स्पेअरची मागणी दर आठवड्याला २० अशी सपाट भरलेली आहे, पण प्रत्यक्षात ती कधी पाच असते, कधी चाळीस. सेफ्टी स्टॉकचे ४० हे खरं तर याच चढउतारासाठी ठेवलेले, पण ते ठरवले गेले तेव्हा बेअरिंगचा लीड टाइम दोन आठवडे होता. तीनचा झाल्यावर तो आकडा कोणी पुन्हा तपासला नाही. प्लॅनरने मागच्या वर्षाच्या स्पेअरच्या नोंदी मागवल्या आहेत.